चुका झाल्या, पण केल्या कुणी?

२७ जानेवारी १९८७. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन काँग्रेससमोर वार्षिक भाषण करत होते. लेबनॉनमध्ये ओलीस असलेले अमेरिकी नागरिक सुटावेत म्हणून सरकारने इराणला गुपचूप शस्त्रे विकली, हे तोवर उघड झाले होते. ‘मी धोका पत्करला, तो फसला, त्याची जबाबदारी माझी,’ असे रेगन म्हणाले. पुढे मात्र वाक्याची घडण बदलली. आम्हाला हवे ते साधता आले नाही आणि ते साधताना ‘गंभीर चुका झाल्या’.

धोका पत्करणारा ‘मी’ होता, प्रयत्न करणारे ‘आम्ही’ होतो. चुकांपाशी येताच माणूस वाक्यातून निघून गेला. लोकांच्या लक्षात राहिले ते हेच वाक्य.

मराठीत हा फरक आणखी नीट दिसतो. ‘चुका झाल्या’ हे ‘पाऊस झाला’सारखे वाक्य आहे, कर्त्याला त्यात जागाच नाही. ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हणताना माणूस येतो, पण चूक जणू त्याच्या हातून निसटलेली असते. ‘मी चूक केली’ यात करणारा समोर उभा राहतो. गंमत म्हणजे शाळेतल्या व्याकरणानुसार हा कर्मणी प्रयोगच, कारण क्रियापद ‘चूक’ या शब्दाप्रमाणे चालते. म्हणजे दोष प्रयोगाचा नाही. कान शोधतो तो करणाऱ्याला.

तो सापडला नाही की ऐकणारा रिकामी जागा स्वतःच भरतो, आणि बहुधा संशयाने भरतो: कुणाला तरी वाचवले जात आहे. ‘भावना दुखावल्या गेल्या असतील तर दिलगीर आहे’ यात तर दुखावणारा गायब होतोच, शिवाय ‘तर’मुळे इजा झाली की नाही हेही अधांतरी राहते.

करणारा खरोखरच ठाऊक नसेल, चौकशी चालू असेल, तर ‘चुका झाल्या’ म्हणणे प्रामाणिक असू शकते. जानेवारीत टॉवर आयोगाची चौकशी चालूच होती. अशा वाक्याची परीक्षा चौकशीनंतर होते.

आयोगाचा अहवाल २६ फेब्रुवारीला आला. ४ मार्चला रेगन पुन्हा बोलले. माझ्या आणि माझ्या प्रशासनाच्या कृत्यांची पूर्ण जबाबदारी माझी. मला न कळवता जे केले गेले त्यालाही मीच उत्तरदायी आहे. ओलिसांच्या बदल्यात शस्त्रे दिली नाहीत, असे मी तुम्हाला सांगितले होते. माझे मन अजून तेच म्हणते, पण पुरावे तसे सांगत नाहीत. ती चूक होती.

‘मी चूक केली’ एवढे थेट ते तेव्हाही बोलले नाहीत. तरी या भाषणाचे वजन वेगळे होते. जानेवारीत केवळ ‘चुका’ होत्या, कोणत्या ते कळत नव्हते. मार्चमध्ये त्यांनी चुकीचे नाव घेतले, लोकांना आपण काय सांगितले होते ते आठवून दिले आणि ते खरे नव्हते हे मान्य केले. आता ऐकणाऱ्याला कुणाचा शोध घ्यायचा नव्हता. ज्याला जाब विचारायचा, तो माणूस समोर बसून बोलत होता.