चित्रावर '२००० पट' लिहिलंय, पण व्हॉट्सॲपवर ते खोटं ठरतं: सूक्ष्मदर्शकाच्या चित्रातला स्केल बार कसा वाचायचा?

ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस. पंढरपूर तालुक्यातल्या कासेगाव परिसरातल्या द्राक्षबागांमध्ये याच काळात एक प्रश्न हमखास पडतो: पानावर दिसणारी ही पांढरी बुरशी भुरीची आहे की डाऊनीची, म्हणजे केवड्याची?

प्रश्न महागात पडणारा आहे. गंधकाची फवारणी भुरीवर चालते, डाऊनीवर तिचा जवळपास उपयोग होत नाही. ओळख चुकली तर औषध आणि मजुरी वाया जाते, आणि ढगाळ, पावसाळी हवेत डाऊनीला मधले मोलाचे दिवस मिळतात.

रोग पुढे गेल्यावर पानाकडे बघून फरक कळतो. डाऊनीत पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग आणि त्याखाली, खालच्या बाजूला पांढरी वाढ दिसते. भुरीची राखेसारखी पावडर पानाच्या दोन्ही बाजूंना येऊ शकते. सुरुवातीला मात्र गोंधळ होतो, आणि तिथे सूक्ष्मदर्शक कामाला येतो. पारदर्शक चिकटपट्टी पानावर दाबायची, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात चिकटवायची आणि बीजाणू बघायचे.

भुरीचे बीजाणू पिंपासारखे लांबट असतात, साधारण ३० ते ४५ मायक्रोमीटर लांब. डाऊनीचे लिंबाच्या आकाराचे असतात, साधारण १५ ते २५ मायक्रोमीटर. (डाऊनीच्या बाबतीत त्या खरं तर बीजाणूंच्या पिशव्या असतात, इथे सोयीसाठी दोन्हींना बीजाणू म्हटलं आहे.) म्हणजे एकाची लांबी दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट. म्हणूनच आकार मोजताना दुपटीची चूक झाली, तर रोगाचं नावच बदलू शकतं. आणि ही चूक एका फॉरवर्डमध्ये होते.

४०० पट म्हणजे नक्की कशाच्या ४०० पट?

सूक्ष्मदर्शकाला दोन भिंगं असतात. डोळ्याजवळचं आयपीस, बहुतेक वेळा १० पटीचं, आणि काचपट्टीजवळचं ऑब्जेक्टिव्ह, जे ४, १०, ४० किंवा १०० पटीचं असतं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण विशालन.

एकूण विशालन = आयपीस × ऑब्जेक्टिव्ह = १० × ४० = ४०० पट

हा आकडा डोळ्याला दिसणाऱ्या प्रतिमेचा आहे. ते बघून वहीत काढलेलं चित्र किती मोठं काढायचं, हे काढणारा ठरवतो. एकच बीजाणू कुणी वाटाण्याएवढा काढेल, कुणी तळहाताएवढा. दोघांनीही खाली '४०० पट' लिहिलं, तर दोघांचंही बरोबर असणं शक्य नाही. चित्राचं विशालन वेगळं असतं आणि ते वेगळं काढावं लागतं.

चित्राचं विशालन = चित्रातली लांबी ÷ खरी लांबी

आधी खरी लांबी मोजायची

त्यासाठी सूक्ष्मदर्शकात दोन पट्ट्या लागतात. पहिली आयपीसमध्ये बसवलेली असते. तिच्यावर नुसत्या रेघा असतात, त्या रेघांमधलं अंतर किती हे आपोआप कळत नाही. दुसरी काचपट्टीवर कोरलेली असते, तिला स्टेज मायक्रोमीटर म्हणतात. तिच्यावर १ मिलिमीटरचे १०० भाग केलेले असतात, म्हणून तिचा एक भाग १० मायक्रोमीटरचा. १ मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रोमीटर, एवढं एकच रूपांतर या सगळ्या हिशोबात लागतं.

४० पटीचं ऑब्जेक्टिव्ह लावून दोन्ही पट्ट्या एकमेकींवर जुळवायच्या. समजा, आयपीसचे ४० भाग स्टेजच्या १० भागांवर बरोबर बसले. स्टेजचे १० भाग म्हणजे १०० मायक्रोमीटर, तर आयपीसचा एक भाग १०० ÷ ४० = २.५ मायक्रोमीटरचा.

आता स्टेज मायक्रोमीटर काढून पानावरचा नमुना ठेवायचा. बीजाणूची लांबी आयपीसच्या १४ भागांएवढी भरली, तर खरी लांबी १४ × २.५ = ३५ मायक्रोमीटर. हा आकडा भुरीच्या मर्यादेत बसतो.

इथे एक चूक वारंवार होते. ऑब्जेक्टिव्ह बदललं की आयपीसच्या एका भागाची किंमतही बदलते. याच सूक्ष्मदर्शकावर १० पटीचं ऑब्जेक्टिव्ह लावलं, तर एक भाग १० मायक्रोमीटरच्या आसपास जातो. आधीचेच २.५ वापरले, तर उत्तर चौपट लहान येईल.

मग चित्र, मग स्केल बार

हा बीजाणू वहीत ७० मिलिमीटर लांब काढला असं धरू. विशालन काढताना दोन्ही लांब्या एकाच एककात हव्यात. ७० मिलिमीटर म्हणजे ७०,००० मायक्रोमीटर.

चित्राचं विशालन = ७०,००० ÷ ३५ = २००० पट

सूक्ष्मदर्शक ४०० पटीवर होता, चित्र मात्र २००० पट आहे. चित्राखाली '४०० पट' लिहिलं असतं आणि कुणी त्यावरून लांबी काढली असती, तर ७०,००० ÷ ४०० = १७५ मायक्रोमीटर आले असते. इतका मोठा बीजाणू यातल्या कोणत्याच रोगाचा नसतो.

आता स्केल बार. तो १० मायक्रोमीटरचा हवा असेल, तर २००० पटीच्या चित्रात त्याची लांबी १० × २००० = २०,००० मायक्रोमीटर, म्हणजे २० मिलिमीटर येते. चित्राखाली २० मिलिमीटरची सरळ रेघ मारायची आणि तिच्यावर '१० मायक्रोमीटर' लिहायचं.

फॉरवर्ड झाल्यावर काय होतं?

त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. कुणाच्या तरी मोबाइलवर चित्र निम्म्या आकाराचं दिसतंय. बीजाणू ७० ऐवजी ३५ मिलिमीटरचा झाला. खाली लिहिलेलं '२००० पट' मात्र तसंच आहे.

त्यावर विश्वास ठेवून हिशोब केला तर:

३५,००० ÷ २००० = १७.५ मायक्रोमीटर

आणि १७.५ हा डाऊनीच्या मर्यादेत बसणारा आकडा आहे. कागदावर बरोबर असलेली माहिती स्क्रीनवर आली आणि भुरीची डाऊनी झाली.

आता तोच हिशोब स्केल बारवरून. चित्र निम्मं झालं तेव्हा बारही निम्मा झाला, २० ऐवजी १० मिलिमीटर. तो अजूनही १० मायक्रोमीटर दाखवतो.

खरी लांबी = (चित्रातली लांबी ÷ बारची लांबी) × बारवर लिहिलेला आकडा
= (३५ ÷ १०) × १० = ३५ मायक्रोमीटर

उत्तर पुन्हा ३५. बोटांनी झूम करून चित्र तिप्पट केलं तरी बीजाणू आणि बार दोन्ही तिप्पट होतात, भागाकार तोच राहतो. स्क्रीनवरचं विशालन जाणून घ्यायचं असेल तर तेही बारवरूनच मिळतं: १० मिलिमीटर, म्हणजे १०,००० मायक्रोमीटर, भागिले १० = १००० पट. हा आकडा फक्त त्या क्षणी, त्या स्क्रीनपुरता खरा.

बारही कधी फसवतो?

पहिली शक्यता, चित्र एकाच दिशेने ताणलं जातं. बार आडवा असतो. चित्र फक्त आडवं ताणलं गेलं तर बार लांबतो, पण उभा बीजाणू तेवढाच राहतो आणि खऱ्यापेक्षा लहान मोजला जातो. चित्रातली अक्षरं पसरट किंवा चेपलेली दिसली, की ही शंका घ्यावी.

दुसरी, बार नंतर चिकटवलेला असतो. आयपीसला मोबाइल लावून काढलेल्या फोटोंमध्ये हे होतं. मोबाइलचा झूम वेगळा, तर बारही वेगळा हवा. उपाय सोपा आहे: नमुन्याचा फोटो काढला की झूम न बदलता, त्याच ऑब्जेक्टिव्हवर स्टेज मायक्रोमीटरचाही फोटो काढायचा आणि बार त्यावरून ठरवायचा.

तिसरी, बार फार लहान असतो. १० मिलिमीटरचा बार पट्टीने मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते, म्हणजे ५ टक्के. मग ३५ चं उत्तर ३३ ते ३७ च्या दरम्यान कुठेही येऊ शकतं. भुरी की डाऊनी एवढं ठरवायला हे चालतं, पण '३५.२७ मायक्रोमीटर' असं लिहिण्यात अर्थ नाही. चित्र मोठं करून मोजलं की ही चूक कमी होते.

स्टेज मायक्रोमीटर नसेल तर?

अंदाज घेता येतो. अनेक आयपीसवर १८ किंवा २० असा आकडा छापलेला असतो. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या पटीने भागलं की दिसणाऱ्या गोलाचा खरा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. १८ ÷ ४० = ०.४५ मिलिमीटर, म्हणजे ४५० मायक्रोमीटर. या गोलात भुरीचे ३५ मायक्रोमीटरचे बीजाणू एका ओळीत साधारण १३ बसतील, डाऊनीचे १८ मायक्रोमीटरचे साधारण २५. एवढा फरक डोळ्यांनाही जाणवतो.

एका बीजाणूवरून मात्र निर्णय घेऊ नये. सगळे बीजाणू एका मापाचे नसतात, काही तिरके पडलेले असतात, काही सुकलेले. वीस-तीस बीजाणू मोजले, की त्यांची लांबी कोणत्या मर्यादेत येते हे दिसतं. सोबत आकार बघायचा, पिंप की लिंबू. शक्य असेल तर ते कशावर वाढले आहेत हेही बघायचं: भुरीचे बीजाणू माळेसारखे एकावर एक येतात, डाऊनीचे झाडासारख्या फांद्यांच्या टोकांना. चिकटपट्टीवर हे सांगाडे बऱ्याचदा मोडतात आणि सुटे बीजाणूच हाती राहतात. म्हणूनच मापाला एवढं महत्त्व येतं.

ग्रुपवर सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र आलं, की त्यावर किती पट लिहिलंय ते बाजूला ठेवून बार शोधायचा. बार नसेल, तर त्या चित्रावरून आकार सांगता येत नाही. पाठवणाऱ्याकडे मूळ चित्र बारसकट मागायचं, आणि फवारणीचा निर्णय त्यानंतर.