२८ हातात, ६० बाकी

सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरचे बारा आठवडे संपले, की मागच्या बाकावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "आता काय उरलंय, जे व्हायचं ते झालं." दुसरा म्हणतो, "एंड-सेमला सगळं कव्हर करू रे." दोघंही अंदाजाने बोलत असतात. खरं तर ग्रेडचा किती भाग ठरून गेला आणि किती अजून मोकळा आहे, हे वहीच्या एका पानावर नेमकं मांडता येतं. मांडल्यावर जे दिसतं, ते दोघांनाही चकित करणारं असतं.

एका मुलीचा गणिताचा विषय घेऊ. आकडे मी बांधलेले आहेत, पण अशी विभागणी कुठल्याही स्वायत्त कॉलेजात भेटेल. एकूण १०० गुण. त्यात असाइनमेंटचे १०, क्विझचे २०, मिडटर्मचे २० आणि एंड-सेमचे ५०. असाइनमेंट पाच, प्रत्येकी २ गुणांच्या. क्विझ तीन, प्रत्येकी १० गुणांच्या, पण त्यांतल्या उत्तम दोनच धरायच्या.

बाराव्या आठवड्याअखेर तिच्या तीन असाइनमेंट तपासून आल्यात, ६ पैकी ५ गुण मिळालेत. मिडटर्मला २० पैकी ११. दोन क्विझ झाल्यात, एकीत ४, दुसरीत ८.

आता पानावर तीन रकाने आखा: हातातले, गेलेले, बाकी. झालेल्या गोष्टींना एकच रकाना देण्याची चूक बहुतेक जण करतात. मिडटर्मचे २० गुण 'झाले' खरे, पण त्यातले ११ हातात आले आणि ९ कायमचे गेले. दोन्ही ठरलेलेच, फक्त एक ठरलं आपल्या बाजूने आणि दुसरं विरुद्ध. असाइनमेंटचं तसंच: ५ हातात, १ गेला, ४ बाकी.

खरी मौज क्विझमध्ये आहे. तीनपैकी दोन झाल्या, म्हणजे दोन तृतीयांश भाग ठरला असं वाटतं. पण तिसरीत शून्य मिळालं असं धरून बघा. तरी उत्तम दोन म्हणजे ४ आणि ८, एकूण १२. तिसरीत पैकीच्या पैकी मिळाले, तर १० आणि ८, एकूण १८. म्हणजे २० पैकी १२ हातात, २ गेले आणि ६ बाकी. पहिल्या क्विझचे ते लाजिरवाणे ४ लिहून, तपासून, सहीनिशी परत आलेत, तरी अजून पक्के नाहीत. तिसरी क्विझ त्यांना पुसून टाकू शकते. आणि त्याच क्विझमध्ये पहिल्या ४ गुणांना शून्य किंमत आहे! तिथे ३ मिळवले काय आणि कोरा पेपर दिला काय, ग्रेडला फरक पडत नाही. पाचव्या गुणापासून मात्र प्रत्येक गुण जसाच्या तसा जमा होतो. एकाच उत्तरपत्रिकेचा अर्धाअधिक भाग जिवंत आणि उरलेला निर्जीव, ही गोष्ट पेपर सोडवताना कुणाच्या ध्यानातही येत नाही.

बेरीज करू. हातात ५, १२ आणि ११, मिळून २८. गेलेले १, २ आणि ९, मिळून १२. बाकी ४, ६ आणि एंड-सेमचे ५०, मिळून ६०. तिन्हींची बेरीज बरोबर १०० यायला हवी. नाही आली, तर कुठला तरी गुण दोनदा मोजला गेलाय किंवा सुटलाय.

म्हणजे वेळ गेला तीन चतुर्थांश आणि ग्रेड ठरली फक्त ४० टक्के. इथून पुढे आकाश कोसळलं तरी ती २८ च्या खाली जाणार नाही आणि कितीही अभ्यास केला तरी ८८ च्या वर जाणार नाही. ९० चं स्वप्न बाराव्या आठवड्यातच संपलं, ते कुणी तिला सांगितलेलं नाही इतकंच.

मधल्या कुठल्याही लक्ष्यासाठी हिशेब सोपा: लक्ष्यातून हातातले वजा करा आणि बाकीने भागा. ६० साठी ३२ भागिले ६०, म्हणजे उरलेल्यात सरासरी ५३ टक्के. ७० साठी ४२ भागिले ६०, बरोबर ७० टक्के. ८० साठी मात्र ८७ टक्के लागतात. लक्ष्य दर वेळी दहानेच वाढलं, पण गरज साधारण सतरा-सतरा टक्क्यांनी चढत गेली. कारण हे दहा गुण आता शंभरातून काढायचे नाहीत, साठातूनच काढायचे आहेत. मोकळा भाग जसा आकसेल, तशी ही चढण अधिक उभी होत जाते. एक खबरदारी घ्यायची: क्विझच्या बाकी ६ गुणांतले ५३ टक्के म्हणजे ३.२, आणि ते मिळवायला त्या निर्जीव ४ गुणांच्या वर जायचं असल्यामुळे प्रत्यक्ष क्विझमध्ये ७.२ लागतात.

आता हीच मुलगी कॉलेजच्या पोर्टलवर आपली टक्केवारी बघते. तिथे काय दिसेल? मूडलमध्ये `Exclude empty grades` ही सोय चालू असली, किंवा कॅनव्हासमध्ये `Calculate based only on graded assignments` या चौकोनात खूण असली, की न झालेल्या गोष्टी हिशेबातून गळतात. शिवाय सर्वांत कमी गुणांची क्विझ गाळण्याचा नियम लावलेला असेल, तर दोनपैकी ४ वाली आत्ताच गाळली जाते. मग क्विझचे ८० टक्के, असाइनमेंटचे ८३, मिडटर्मचे ५५, आणि आपापल्या वजनाने सरासरी येते जवळपास ७१ टक्के. आकडा खोटा नाही. तिसरी क्विझही दुसरीसारखीच होईल आणि एंड-सेमही आतापर्यंतच्या सरासरीनेच जाईल, असं गृहीत धरून तो आलाय. पण पडद्यावर हे गृहीतक लिहिलेलं नसतं. ती वाचते "मला ७१ आहेत", आणि वहीतल्या पानावर २८ आहेत. कॅनव्हासमधली ती खूण काढून पाहावी; कोऱ्या जागी शून्य धरलं, की आकडा धाडकन खाली येतो आणि तळ कुठे आहे ते कळतं.

चौथी असाइनमेंट तिने कालच जमा केलीय, अजून तपासलेली नाही. पोर्टलच्या लेखी ती कोरी जागा आणि आपल्या पानावर बाकी. तिच्या हातून मात्र ते २ गुण निसटलेत. ठरलेत, फक्त तिला माहीत नाहीत. म्हणून मेहनतीने खरोखर बदलता येतील असे गुण ६० नव्हेत, ५८.

पास होण्याचं गणित वेगळंच असतं. समजा पासिंग ४० ला आहे. बेरजेने पाहिलं तर तिला आणखी १२ गुण पुरेत, ५८ पैकी १२ म्हणजे डाव्या हातचा मळ. पण अनेक ठिकाणी लेखी परीक्षा हे पासिंगचं वेगळं हेड असतं, त्यात स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात. मग एंड-सेमला ५० पैकी २० हवेतच. असाइनमेंट आणि क्विझमधले बाकी दहाच्या दहा गुण जमले तरी १९ वर केटी लागते. "इंटर्नल चांगले आहेत, निघून जाईल" म्हणणारे नेमके इथे अडकतात.

काही संस्थांत तर ग्रेड सापेक्ष असते, म्हणजे कट-ऑफ सगळ्या वर्गाचे गुण पाहून ठरतं. तिथे एंड-सेमचा पेपर देऊन मुलगी घरी आली, तपासणी झाली, बाकीचा रकाना शून्य झाला, तिन्ही रकान्यांतला एकही आकडा आता हलणार नाही. तरी बी की ए, हे अजून मोकळंच असतं. ते ठरतं शेजारच्या बाकांवरच्यांच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर.