आहेराच्या वहीत किंमत लिहाच, पण वजनही लिहा

गोराईच्या गावठाणातला मांडव असो की बोरिवलीतला हॉल, आहेराची पाकिटं घेणाऱ्याशेजारी वही घेऊन कुणीतरी बसलेलं असतं. बहुतेक वह्यांत नाव आणि रक्कम एवढंच सापडतं. ते पुरत नाही. समजा, 2010 मध्ये मामांनी 1 ग्रॅमची अंगठी घातली. तेव्हा तिचं सोनं साधारण 1,850 रुपयांचं होतं. वहीत फक्त ‘अंगठी, 1,850’ असं असेल, तर आज मामांच्या मुलीच्या लग्नात तेवढ्याच रुपयांचं पाकीट जाईल आणि आहेर फार हलका पडेल. ‘अंगठी, 1 ग्रॅम, थोरल्याचं लग्न, 2010’ असं लिहिलं, तर तुलना आजच्या भावाने करता येते. प्रसंगही लिहायचा, कारण बारशाचा आहेर आणि लग्नाचा आहेर एका मापाने मोजत नाहीत.

‘नात्यात हिशेब कशाला?’ हा आक्षेप मनापासूनचा आहे. पण नोंद नसली तरी लोक तुलना करतातच, फक्त आठवणीवर. आणि आठवणीत मोठे आहेर राहतात, गरीब नातेवाइकाने दिलेलं पातेलं विसरलं जातं. शिवाय हुंडा प्रतिबंधाच्या 1985 च्या नियमांनुसार वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या वेगळ्या लेखी याद्या हव्यात: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं आणि शेवटी दोघांच्या सह्या. म्हणून पाकिटं उघडतानाच दोन याद्या करा. पाकिटावरचं नाव उतरवण्याआधी पाकीट फेकू नका.