भेंडीनंतर काकडी म्हणजे फेरपालट नव्हे

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भात कापून झाला की विहीर, बोअर, ओढा, कालवा, जिथे पाणी मिळेल तिथे भाजीपाला उभा राहतो. भेंडी सर्वांत पुढे. तिच्या जोडीला काकडी, कारली, वांगी, मिरची, टोमॅटो. याच पिकांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. झाडं गुडघ्याएवढी होईपर्यंत ठीक वाढतात. मग शेताच्या एखाद्या कोपऱ्यात खुजी राहतात, पिवळी पडतात, दुपारी माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा सावरतात. शेतकरी आधी पाणी वाढवतो, मग युरिया देतो, मग बुरशीनाशकाची आळवणी करतो. मुळं बघितली जातात ती थेट पीक उपटताना, आणि तेव्हा त्यांच्यावर हळकुंडासारख्या गाठी लटकलेल्या असतात. हे काम मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचं. त्यांच्याबद्दलचे समज चुकीचे असल्यामुळे उपायही चुकत जातात.

गैरसमज: झाड सुकतंय म्हणजे पाणी किंवा खत कमी पडलंय

ओल असलेल्या जमिनीत झाड दुपारी सुकत असेल, तर पाणी आहे पण मुळाला ते वर पोचवता येत नाही, असं समजावं. पाण्याची कमतरता असेल तर बहुतेक वेळा सगळी ओळच सुकते. सूत्रकृमीचा त्रास मात्र चट्ट्याचट्ट्याने दिसतो आणि दर हंगामात तो चट्टा मोठा होत जातो. खात्री करायची तर चट्ट्याच्या मध्यातलं नव्हे, कडेचं झाड निवडावं, कारण मध्यातल्या झाडाची मुळं बऱ्याचदा कुजलेली असतात. झाड हिसका देऊन उपटू नये. त्याने बारीक मुळं तुटून जमिनीतच राहतात आणि गाठी नेमक्या त्यांच्यावरच असतात. खुरप्याने भोवतालची माती सैल करून झाड उचलावं आणि बादलीभर पाण्यात मुळं हलकेच धुवावीत.

चवळी, वाल, हरभऱ्यात आणखी एक घोटाळा होतो. तिथे नत्र साठवणाऱ्या गाठीही असतात आणि त्या उपकारक असतात. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, बोटाने चोळल्या की सुटतात आणि कार्यरत गाठ फोडली तर आत गुलाबीसर दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. ती चोळून निघत नाही, काढायला गेलं तर मूळ तुटतं. भेंडी, काकडी, वांगं यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी येतच नाहीत. त्यामुळे तिथे गाठी दिसल्या तर पहिला संशय सूत्रकृमीवरच घ्यावा.

गैरसमज: हा मुळं कुरतडणारा किडा आहे

जमिनीतून मुळात शिरणारं पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, केसाहून बारीक आणि पारदर्शक असतं. ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. मातीत दिसणारे पांढरे किडे किंवा गांडुळाची पिल्लं म्हणजे सूत्रकृमी नव्हेत. हा जीव मूळ कुरतडत नाही. तो मुळाकडून स्वतःसाठी अन्नाचं कोठार बांधून घेतो.

अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू ओल्या मातीतून मुळाचा कोवळा शेंडा गाठतं, शेंड्याच्या जरा मागे आत शिरतं आणि पेशींच्या मधून वाट काढत पाणी-अन्न वाहणाऱ्या गाभ्यापर्यंत जातं. तिथे ते कायमचं बैठक मारतं. तोंडातल्या सुईने ते भोवतालच्या मोजक्या पेशींत आपला स्राव सोडतं. त्या पेशींतली केंद्रकं पुन्हा पुन्हा विभागतात, पण पेशी मात्र विभागली जात नाही. ती फुगत जाते आणि महाकाय होते. तिच्या आजूबाजूच्या पेशी भराभर वाढतात आणि बाहेरून आपल्याला गाठ दिसते. पानांनी तयार केलेलं अन्न फळाकडे जाण्याऐवजी या महाकाय पेशींकडे ओढलं जातं आणि गाभ्यातल्या पाण्याच्या नळ्या वाकड्यातिकड्या होतात. झाड दुपारी का सुकतं, याचं उत्तर या नळ्यांत आहे.

मादी तीन कातींनंतर नासपतीच्या आकाराची, मोत्यासारखी पांढरी होते. जाड गाठ ब्लेडने हळूच सोलली तर ती भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढी दिसते. ती मुळाच्या पृष्ठभागाशी चिकट गोळ्यात अंडी घालते. एका गोळ्यात साधारण तीनशे ते पाचशे अंडी असतात. भाजीपाल्यात नेहमी आढळणाऱ्या जातींच्या मादीला त्यासाठी नराची गरजही नसते. जमिनीचं तापमान 27 अंशांच्या आसपास असलं की अंड्यापासून अंड्यापर्यंतचं चक्र साधारण 25 ते 30 दिवसांत पुरं होतं. जानेवारीच्या थंडीत ते लांबतं, मार्चमध्ये पुन्हा वेग घेतं.

हिशेब करून बघा. एका मादीची चारशे अंडी धरली आणि त्यांतली शंभरात पाचच पिल्लं मुळापर्यंत पोचून मोठी झाली असं मानलं, तर दुसऱ्या पिढीत वीस माद्या, तिसरीत चारशे, चौथीत आठ हजार. नोव्हेंबरमध्ये पेरलेली भेंडी मार्चअखेरपर्यंत उभी राहिली तर तीन पिढ्या सहज होतात. पेरताना निरोगी वाटलेलं शेत तोडा संपता संपता का ढासळतं, ते या आकड्यांवरून कळेल.

गाठी पडलेल्या मुळातून मर रोगाच्या बुरशी आणि जिवाणूंनाही वाट मिळते. वांगी-टोमॅटोत मर आली की सगळा दोष बुरशीवर जातो, मूळ कोणी पाहत नाही.

गैरसमज: औषध ओतलं की सूत्रकृमी संपतात

मुळाच्या आत बसलेली मादी आणि चिकट गोळ्यातली अंडी यांच्यापर्यंत मातीत टाकलेलं औषध नीट पोचत नाही. फिरती पिल्लं मरतात, महिनाभर झाड तरारतं, मग पुढची पिढी बाहेर पडते. पूर्वी सर्रास वापरलं जाणारं फोरेट 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. भेंडीत आणखी एक अडचण आहे. तोडा एक-दोन दिवसाआड असतो, म्हणजे औषधानंतर थांबायचा काळ पाळायला जागाच राहत नाही. लागवडीआधी निंबोळी पेंड आणि शेणखतात वाढवलेली ट्रायकोडर्मासारखी बुरशी दिल्याने संख्या थोपवता येते. पण ही कामं फेरपालटीच्या जोडीला करायची. तिच्याऐवजी केली तर पदरी निराशाच येते.

रोगप्रतिकारक बियाण्याबद्दलही असाच समज आहे. भेंडीचं जे बियाणं प्रतिकारक म्हणून विकलं जातं, तो प्रतिकार केवडा रोगाच्या विषाणूविरुद्ध असतो. 'परभणी क्रांती'ची ख्यातीही त्याचसाठी होती. सूत्रकृमीशी त्याचा संबंध नाही. टोमॅटोच्या काही जातींत सूत्रकृमी-प्रतिकार खरोखर असतो, पण जमीन 28 अंशांच्या वर तापली की तो ढिला पडतो. आपल्या उन्हाळी टोमॅटोला त्याचा भरवसा नाही.

गैरसमज: दरवर्षी पीक बदलतो, म्हणजे फेरपालट होतेच

सगळ्यात महाग पडतो तो हा समज. भेंडीनंतर काकडी, काकडीनंतर वांगी, मग टोमॅटो किंवा चवळी, ही आपल्या दृष्टीने वेगवेगळी पिकं आहेत. सूत्रकृमीच्या दृष्टीने सगळी खाण्याचीच आहेत. या पिकांत कूळ बदलतं, बाजार बदलतो, पण मुळातला मुक्काम तुटत नाही. बांधावरची आणि ओळीतली अनेक तणंही तिला पोसतात. फेरपालट तीच, जिच्यात एक संपूर्ण हंगाम तिला खायला मुळं मिळत नाहीत.

आपल्या दोन्ही तालुक्यांत तिचा सर्वांत जुना शत्रू भाताचं खाचर आहे. चिखलणी करून दोन-तीन महिने पाणी साठलं की मातीतला प्राणवायू संपतो, सडणाऱ्या पाल्यापासून आम्लं तयार होतात आणि भाजीपाल्यातली सूत्रकृमी मोठ्या प्रमाणात मरते. भाताला त्रास देणारी सूत्रकृमी निराळ्या जातीची आहे. तिची गाठ मुळाच्या शेंड्याशी आकड्यासारखी वाकलेली असते. म्हणून भात कापून घेतलेल्या भेंडीत सहसा त्रास कमी असतो. पण संख्या शून्य होत नाही. पाण्याबाहेर राहिलेल्या बांधांत ती टिकते आणि ट्रॅक्टरच्या फाळाला, पायांना, विकतच्या रोपांच्या मुळांना लागलेल्या मातीबरोबर परत येते. स्वतः चालून ती वर्षात फार तर हात-दोन हात जाईल. पुढचा प्रवास आपणच घडवतो.

खरी अडचण वरकस जमिनीत आहे. तिथे पाणी साठत नाही आणि बोअर असेल तर वर्षभर भाजीच भाजी. समजा, असा दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा आहे आणि क्रम असा आहे: पावसाळ्यात काकडी, हिवाळ्यात भेंडी, उन्हाळ्यात वांगी. बारा महिन्यांत तिला उपाशी दिवसच नाहीत. इथे पावसाळ्यातली काकडी वगळून जुलैमध्ये संपूर्ण तुकड्यात झेंडू लावावा, पाणी न साठणाऱ्या गादीवाफ्यावर, जवळजवळ. झेंडूच्या जिवंत मुळात सूत्रकृमीला मारक द्रव्यं असतात. पिल्लू आत शिरतं, पण वाढत नाही. फूल दसरा-दिवाळीला विकता येतं. मात्र बांधावर झेंडूच्या दोन ओळी लावून शेजारच्या भेंडीचं रक्षण होत नाही, कारण परिणाम झेंडूच्या मुळांच्या आवाक्यापुरताच असतो. वाळलेली फुलं किंवा पाला मातीत टाकल्याने जिवंत मुळाचं काम होत नाही. झेंडूत तण वाढू दिलं तर सूत्रकृमी तणावर तग धरते.

दिवाळीनंतर भेंडी घ्यावी. शेवटचा तोडा झाला की त्याच आठवड्यात झाडं मुळांसकट काढून, वाळवून जाळावीत. ती शेणखताच्या खड्ड्यात किंवा ओढ्यात टाकू नयेत. मार्च ते मेमध्ये पाणी पूर्ण बंद ठेवून दोन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन नांगरटी कराव्यात. उलटून वर आलेल्या मातीत उन्हाने अंडी आणि पिल्लं सुकतात. याची किंमत आहे, ती लपवू नये. उन्हाळ्यातल्या भाजीला भाव असतो आणि तो हंगाम सोडावा लागतो. सगळा तुकडा सोडणं परवडत नसेल तर निम्मा एका वर्षी, निम्मा पुढच्या वर्षी, असं करावं. तुकड्यांमध्ये अवजारं धुऊन न्यावीत.

राब भाजण्याच्या आपल्या पद्धतीने मातीचा वरचा थरच तापतो. भाजीच्या रोपवाटिकेसाठी एप्रिल-मेमध्ये ओली माती चार ते सहा आठवडे पातळ पारदर्शक प्लॅस्टिकखाली झाकून ठेवणं अधिक खोलवर उपयोगी पडतं. काळं प्लॅस्टिक ते काम तितकं करत नाही.

एवढं केल्यावर जमिनीत किती शिल्लक आहे, हे तपासायला प्रयोगशाळाच हवी असं नाही. जूनआधी शेताच्या आठ-दहा जागांची वीतभर खोलीवरची ओलसर माती एकत्र करा, पण उन्हात वाळवू नका. ती चार कुंड्यांत भरून काकडीचं बी पेरा. पाच आठवड्यांनी मुळं धुऊन गाठी मोजा. एका मुळावर दहाच्या आत गाठी असतील तर हिवाळ्यात भेंडी घ्यायला हरकत नाही. तीसच्या पुढे गेल्या तर त्या तुकड्यात या वर्षी झेंडू किंवा भातच घ्या आणि भेंडी दुसरीकडे पेरा.