खेळणार मूल, पैसे भरणार आई

मुलांच्या शिकण्याच्या अ‍ॅपला एकाच घरात दोन गिऱ्हाइकं असतात. खेळणारा आठ वर्षांचा, पैसे भरणारी त्याची आई. 'यात गणित आहे' म्हटलं की मुलगा तोंड फिरवतो आणि 'यात राक्षसांशी लढाई आहे' म्हटलं की आई. त्यामुळे काय कुणाला दाखवायचं आणि पैशाची गोष्ट कुणाशी काढायची, हे ब्रँड उभा करणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं.

कॅनडातल्या दोन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०११ साली सुरू केलेल्या 'प्रॉडिजी'ने यातला पहिला भाग झकास जमवला. मूल या खेळात जादूगार होतं आणि समोरच्या प्राण्यावर मंत्र टाकायचा तर आधी गणित सोडवावं लागतं. पालकांना मात्र जादूगार फारसा दिसतच नाही. मूल कोणत्या धड्यात अडलं, किती गणितं बरोबर आली, हे त्यांना वेगळ्या खात्यावर कळतं. शिवाय खेळ फुकट असल्याने तो शिक्षकांनीच वर्गात आणला, आणि बाईंनी सांगितलेल्या अ‍ॅपवर शंका कोण घेणार?

गाडी अडली ती पैशापाशी. गणितं सगळ्यांना फुकट आणि विकायची कशी तर सदस्यत्वाची शान. 'फेअरप्ले' या अमेरिकी संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली. सदस्य मुलांचे जादूगार ढगावर बसून फिरतात, बाकीचे धुळीतून पायी चालतात, असं तिच्यात म्हटलं होतं. संस्थेने १९ मिनिटं खेळून पाहिलं, तर सदस्यत्वाच्या १६ जाहिराती दिसल्या आणि गणितं आली ४.

म्हणजे विक्रीचं काम मुलावरच सोपवलं होतं. व्यवसायाच्या हिशेबाने यात तथ्य आहे, कारण हट्टाइतका चिकाटीचा विक्रेता मिळत नाही. पण मला हा डाव आखूड वाटतो. प्रगती पाहून भरलेले पैसे आई पुढच्या वर्षीही भरेल, रडारड थांबवण्यासाठी भरलेले नाही. आणि ज्या शिक्षकांच्या शब्दावर सगळं उभं आहे, त्यांच्या वर्गात ढगवाले आणि धुळीतले असे दोन गट पडले, तर ते अ‍ॅप ठेवतील कशाला?

अ‍ॅपलच्या दुकानात मुलांच्या विभागातल्या अ‍ॅपना यासाठी एक अट आहे. खरेदीचं बटण मोठ्यांसाठीच्या कुलपामागे हवं. बऱ्याचदा ते कुलूप म्हणजे एखादा गुणाकार असतो, त्यामुळे पाढे पाठ असलेलं पोर ते सहज उघडतं. पालकांनी त्याऐवजी फुकटातलं अ‍ॅप मुलाच्या शेजारी बसून पाव तास बघावं. गणितं किती आली आणि 'आईला विचार' किती वेळा आलं, एवढंच मोजावं.