ईसीजीच्या पट्टीत नेमकं काय पाहायचं?

छातीत अस्वस्थ वाटतंय म्हणून ईसीजी काढला, की हातात चौकटींचा गुलाबी कागद येतो. त्यावरची आडवी दिशा म्हणजे वेळ. एक लहान चौकट ०.०४ सेकंदाची आणि पाच लहान मिळून होणारी मोठी चौकट ०.२ सेकंदाची. उभी दिशा विद्युतदाब दाखवते.

प्रत्येक ठोक्यात आधी छोटा उंचवटा येतो, ती पी लाट: वरचे कप्पे आकुंचन पावण्याआधीचा संदेश. मग उंच, टोकदार क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांचा संदेश. शेवटी पसरट टी लाट येते, तेव्हा हे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होत असतात.

छातीच्या दुखण्यात डॉक्टरांची नजर क्यूआरएस आणि टी यांच्यामधल्या एसटी भागावर खिळते. एरवी तो पायारेषेच्या पातळीवर असतो. समजा, लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये तो दोन लहान चौकटी वर उचललेला आहे आणि एव्हीएलमध्ये खाली दबलेला आहे. हृदयाच्या खालच्या भिंतीची रक्तवाहिनी अचानक बंद झाल्याची ही खूण असू शकते, म्हणून लगेच उपचार लागतात. मात्र एसटी इतर कारणांनीही उचलला जातो, उदाहरणार्थ हृदयावरणाच्या दाहात. तेव्हा तो बहुतेक लीडमध्ये उचललेला दिसतो.

पहिली पट्टी सरळ आली तरी हृदयविकाराचा झटका नाही, असं ठरत नाही. म्हणून दुखणं चालू असेल तर थोड्या वेळानं पुन्हा ईसीजी काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. पट्टी घरी वाचत बसू नका. १०८ला फोन करा.