पोस्टची मात्रा आणि फॉलोअरची वाढ : बारा आठवड्यांचे एक परीक्षण

आरोग्यविषयक माहिती देणारे फेसबुकचे पान आज अनेक वैद्यबंधू व भगिनी चालवितात. आम्हीही वडीगोद्री येथील आमच्या चिकित्सालयाच्या नावाने असे एक पान चालवितो. दिनचर्या, ऋतुचर्या, पथ्यापथ्य असे विषय त्यावर असतात. आठवड्यास दोन पोस्ट हा आमचा अनेक दिवसांचा नेम होता. अधिक पोस्ट टाकल्यास फॉलोअर अधिक वाढतात, असे एका स्नेह्याने सांगितल्यावरून आम्ही ही मात्रा पाचावर नेली. तिचा गुण आला की नाही हे ठरविताना आमची प्रथम जी फसगत झाली, ती आधी सांगणे योग्य होईल.

हा बदल आम्ही सोमवार, दि. १० जून २०२४ पासून केला. त्यापूर्वीच्या चार आठवड्यांत फॉलोअरमध्ये ३८ ची भर पडली होती. पुढील चार आठवड्यांत ती १३१ झाली. तिपटीहून अधिक वाढ! आम्ही हा अनुभव चारचौघांत सांगितलाही. पुढे वही उघडून आठवडावार आकडे मांडले तेव्हा ते २९, ६४, २३ व १५ असे निघाले. मात्रा चारही आठवडे तीच असताना गुण मात्र दुसऱ्या आठवड्यात उसळून पुढे ओसरला होता. कारण शोधण्यास दूर जावे लागले नाही. दि. १३ ते २२ जून या काळात ओबीसी आरक्षणाच्या प्रश्नावर लक्ष्मण हाके व नवनाथ वाघमारे यांचे उपोषण आमच्याच गावी चालू होते. धुळे-सोलापूर महामार्गावरील या गावाचे नाव राज्यभर रोज घेतले जात होते, आणि आमच्या पानाच्या नावातही 'वडीगोद्री' हा शब्द आहे. गावाचे नाव शोधणारे लोक आमच्या पानावर येऊन पोहोचले. पित्तशामक आहाराशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते.

दुसरी चूक याहून सूक्ष्म होती. मात्रा बदलण्याची बुद्धी आम्हांस झाली ती पान मंदावले होते म्हणूनच. वर्षाच्या आरंभी आठवड्यास सुमारे १५ फॉलोअर वाढत. मे महिन्यात ते साडेनऊवर आले. दि. १३ मे रोजी जालना मतदारसंघात लोकसभेचे मतदान झाले, ४ जूनला मतमोजणी झाली, शिवाय लग्नसराई आणि उन्हाळा. लोकांचे लक्ष अन्यत्र होते. असा मंद काळ बहुधा आपोआप सरतो आणि आकडा मूळ पातळीवर येतो. आमचा शेवटच्या आठवड्याचा १५ हा आकडा म्हणजे ती मूळ पातळीच होय. ज्वराचा वेग परमोच्च असताना दिलेल्या औषधास उताराचे श्रेय मिळते, तोच हा प्रकार. रुग्णाच्या बाबतीत आपण ही शंका घेतो. स्वतःच्या पानाच्या बाबतीत ती आम्ही घेतली नाही.

सारांश, 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना येथे निरुपयोगी ठरते. त्या दोन काळांत मात्रेखेरीज इतर सर्व गोष्टीही बदललेल्या असतात. उपशय-अनुपशय पाहताना आपण एखादा उपचार देऊन, थांबवून, पुन्हा देऊन पाहतो. तीच रीत थोड्या शिस्तीने येथे लावता येते, असे ठरवून आम्ही दुसरे परीक्षण सोमवार, दि. ६ जानेवारी २०२५ रोजी सुरू केले. ते बारा आठवडे चालले आणि रविवार, दि. ३० मार्च रोजी, म्हणजे गुढीपाडव्याला, संपले.

बारा आठवड्यांच्या आम्ही सहा जोड्या केल्या. प्रत्येक जोडीतील एका आठवड्यात दोन पोस्ट व दुसऱ्यात पाच. जोडीतील दोन्ही आठवडे लागोपाठचे असल्याने ऋतू, परीक्षा, सुगी यांचा परिणाम दोहोंवर जवळजवळ सारखाच होतो. कोणता आठवडा कोणत्या मात्रेचा हे नाणेफेकीने ठरविले. आमच्या कंपाउंडरने सहा वेळा नाणे उडविले आणि त्याचे सहाही निकाल सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवले. नाणे कशासाठी, एक आड एक आठवडा का नको, असे वाचक विचारतील. आम्ही स्वतः ठरविले असते तर यात्रेचा किंवा सणाचा आठवडा नकळत आपल्या आवडीच्या मात्रेला दिला असता. नाण्याला आवडनिवड नसते. याखेरीज नाण्याचा आणखी एक मोठा उपयोग आहे, तो निकालाच्या वेळी सांगू.

पोस्टचा दर्जा समान राहणे हेही तितकेच महत्त्वाचे. पाच पोस्टच्या आठवड्यात उत्साहाने चांगले विषय निवडले तर परीक्षण मात्रेचे न होता विषयाचे होते. म्हणून सहा आठवड्यांच्या बारा आणि सहा आठवड्यांच्या तीस, अशा एकूण ४२ पोस्ट आम्ही डिसेंबरातच लिहून ठेवल्या. प्रत्येकीचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आणि लागेल तशी चिठ्ठी काढली. पैसे देऊन जाहिरात केली नाही. चिकित्सालयातील पाटी, औषधाच्या पुडीवरील पानाचे नाव, यांत या काळात काहीही बदल केला नाही.

एक अडचण राहते. शनिवारी टाकलेली पोस्ट सोमवार-मंगळवारीही लोकांना दिसत राहते. पहिल्या मात्रेचा अंश दुसऱ्या आठवड्यात उतरतो. यासाठी दोन्ही प्रकारच्या आठवड्यांतील पहिले दोन दिवस आम्ही हिशेबाबाहेर ठेवले. बुधवारी सकाळी आठचा आकडा आणि पुढील सोमवारी सकाळी आठचा आकडा, यांतील फरक हेच आमचे मापन. पान सोडून गेलेले लोक त्यात आपोआप वजा होतात. मोठी संख्या भ्रमणध्वनीवर पुष्कळदा गोलाकार करून दाखविली जाते, त्यामुळे ज्यांचे पान मोठे आहे त्यांनी पूर्ण आकडा जेथे दिसतो तेथूनच घ्यावा.

आता सर्वांत मोठ्या फसवणुकीकडे वळू. ती आकड्यांत नसते, आकडे पाहून मग कसोटी ठरविण्यात असते. यासंबंधी पुण्यातील एक उदाहरण आठवणीत ठेवण्याजोगे आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे प्रभृतींनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुले व मतिमंद मुले यांच्या कुंडल्या ओळखावयाच्या होत्या. प्रत्येक ज्योतिषास ४० कुंडल्या दिल्या होत्या, आणि ४० पैकी किमान २८ बरोबर आल्यासच यश मानावे, असे आधीच ठरले होते. उत्तरे पाठविणाऱ्या २७ जणांपैकी कोणीही २८ पर्यंत पोहोचले नाही. चाचणीच्या विषयाशी येथे आपणांस कर्तव्य नाही. मुद्दा इतकाच की २८ ही रेघ उत्तरे येण्यापूर्वी ओढली गेली होती. नुसत्या नशिबाने तेवढी उत्तरे बरोबर येण्याचा संभव शंभरात एकाहूनही कमी, म्हणून ती रेघ तेथे होती.

आम्हीही ५ जानेवारीच्या रात्री वहीत तीन वाक्ये लिहून खाली तारीख घातली. मापन फक्त वर सांगितलेल्या निव्वळ वाढीचे. मुदत बारा आठवडे, मध्ये थांबावयाचे नाही. आणि निकाल नाण्याच्या ६४ शक्यतांपैकी वरच्या तिहींत बसला तरच पाच पोस्टचा गुण मान्य करावयाचा.

जोड्यांचे आकडे असे आले. पहिल्या जोडीत पाच पोस्टच्या आठवड्यात १४ व दोनच्या आठवड्यात ९. दुसरीत ११ व १३, तिसरीत १७ व १०, चौथीत ८ व ७, पाचवीत १२ व १५, सहावीत १६ व १२. पाचच्या आठवड्यांची बेरीज ७८, दोनच्यांची ६६.

तिसऱ्या जोडीनंतर आमच्या मनाची काय अवस्था झाली हे सांगितले पाहिजे. तेव्हा ४२ विरुद्ध ३२ असा हिशेब होता. येथेच थांबून 'गुण आला' असे जाहीर करण्याचा मोह अनावर झाला होता. परंतु तीन जोड्यांत नाण्याचे निकाल आठच प्रकारे लागू शकतात. तिन्ही जोड्या अनुकूल लागल्या असत्या तरी तसे निव्वळ योगायोगाने आठांत एकदा घडतेच. वहीतील वाक्याने आम्हांस थांबू दिले नाही.

आता नाण्याचा तो दुसरा उपयोग. समजा, मात्रेने काहीच फरक पडत नाही. मग ते ते आठवडे तेच आकडे दाखविणार, फक्त कोणता आकडा 'पाच'च्या खाती जाईल हे नाण्यावर राहील. जोड्यांमधील अंतरे ५, २, ७, १, ३ व ४ आहेत. प्रत्येकापुढे अधिक अथवा उणे चिन्ह नाण्याने लागते, म्हणून सहा जोड्यांच्या एकूण ६४ शक्यता होतात. आमची बेरीज १२ आली. ६४ पैकी किती शक्यतांत ती १२ किंवा अधिक येते? सर्व अंतरांची बेरीज २२ आहे. म्हणजे उणे चिन्हाची अंतरे मिळून ५ पेक्षा जास्त नकोत. एकही उणे नाही ही एक शक्यता. १, २, ३, ४ वा ५ यांपैकी एकच उणे, अशा पाच. आणि १ व २, १ व ३, १ व ४, २ व ३ या जोडगोळ्या, अशा चार. एकूण दहा. ६४ पैकी १०, म्हणजे सुमारे सहांत एकदा असा निकाल मात्रेचा काडीमात्र गुण नसतानाही येईल. आमची रेघ तीनवर होती. गुण सिद्ध झाला नाही.

याचा अर्थ गुण नाहीच असे सिद्ध झाले, असाही नव्हे. सहा जोड्यांचे परीक्षण लहान आहे; आठवड्याचा आकडा जेथे ७ पासून १७ पर्यंत हेलकावे खातो तेथे दोन-तीन फॉलोअरचा फरक त्यास दिसणार नाही. मोठा फरक असता तर दिसला असता, एवढेच म्हणता येते. शिवाय दर आठवड्यास मात्रा बदलल्यामुळे, जो परिणाम महिनोन्‌महिने सावकाश साचत जातो तो या रीतीने मुळीच पकडता येत नाही. त्यासाठी एकेक महिन्याचे खंड घेऊन वर्षभर परीक्षण करावे लागेल.

पोस्ट पाहणाऱ्यांची एकूण संख्या पाचच्या आठवड्यांत भरपूर वाढली होती, हेही नमूद करतो. एका मित्राने तोच आकडा पुढे करून 'यश' म्हणावे असे सुचविले. पोस्ट अधिक टाकल्या की ती संख्या वाढणारच, आणि ५ जानेवारीच्या वहीत तिचा उल्लेख नाही.

१८ जादा पोस्ट लिहिण्यास प्रत्येकी सुमारे ४० मिनिटे, म्हणजे बारा तास आम्ही खर्च केले. बदल्यात फार तर बारा फॉलोअर, तेही बहुधा योगायोगाचे. ३१ मार्चपासून आमचे पान पुन्हा आठवड्यास दोन पोस्टवर आले आहे.